शेवटच्या पंगतीची खीर

(वैशाख पौर्णिमेच्या पूर्वतयारीसाठी विहारात भरलेल्या उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या प्रवचनाचा मजकूर)



वैशाख पौर्णिमा जवळ आली आहे. पताका कोणी लावायच्या, मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, वर्गणीचे पावतीपुस्तक कोणाकडे द्यायचे, हे सर्व आजच्या सभेत ठरेलच. आमच्याकडे आपण भोजनदानाचा विषय दिला आहे. त्या दिवशी आपल्या विहारात जे जेवण होते, जी खीर वाटली जाते, ती कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कशी वाढावी, एवढाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहोत. विषय लहान वाटेल. परंतु काही वर्षांपूर्वी याच विषयात आमची जी चूक झाली, ती आम्हाला अजून विसरता येत नाही. म्हणून उपदेशाच्या आधी ती चूकच सांगतो.

त्या वर्षी आम्ही वर्गणीदारांची यादी पुढे ठेवून स्वयंपाकाचा अंदाज बांधला. यादीवरून माणसे मोजली, ती एकशे ऐंशी भरली. त्या हिशेबाने २५ लिटर दूध, २ किलो तांदूळ आणि ३ किलो साखर आणली. आटून, भात फुगून साधारण २८ लिटर खीर झाली. एका वाटीत दीडशे मिलिलिटर खीर मावते असे धरले, तर एकशे ऐंशी माणसांना ती पुरून थोडी उरली असती. हिशेब चुकला असे कोणी म्हणणार नाही.

पहिली पंगत बसली नव्वद माणसांची. त्यात पदाधिकारी होते, देणगीदार होते, बाहेरगावचे पाहुणे होते. आपल्याकडे आग्रह करण्याची रीत आहे. निम्म्या ताटांत दुसरी वाटी गेली. पहिल्याच पंगतीत वीस लिटर खीर संपली. दुसऱ्या पंगतीत वस्तीतली मंडळी बसली, त्यांना जेमतेम अर्धी वाटी आली. आणि मग तिसरी पंगत आली, शंभरेक माणसांची.

ही तिसरी पंगत कोणाची होती? आपल्या वस्तीच्या मागच्या अंगाला इमारतीचे बांधकाम चालू होते. तेथे पत्र्याच्या खोल्यांतून राहणारे मजूर होते, त्यांच्या बायका आणि मुले होती. नाल्यापलीकडची मातंग बांधवांची आणि मुस्लिम बांधवांची काही घरे होती. रस्त्याने जाताना मंडप पाहून आत आलेले दोन-चार अनोळखी लोक होते. आणि सकाळपासून चुलीजवळ राबलेल्या आपल्याच भगिनी होत्या. मजुरांना एकची जेवणाची सुटी मिळते. ते एकला आले, तेव्हा दुसरी पंगत चालू होती. आम्ही त्यांना "थांबा" म्हणालो. पाऊण तास ते फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. कित्येकांचा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला.

त्यांची पाळी आली, तेव्हा पत्रावळी संपल्या होत्या. सतरंज्या गुंडाळायला घेतल्या होत्या. तळाचा भात आणि पाणी घालून वाढवलेले वरण उरले होते, खीर नव्हतीच. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी फाटकातच उभे राहून कागदी ताटल्यांत भात वाढायला सुरुवात केली. गर्दी झाली, घाई झाली. हात पुढे येत होते आणि वरून भात टाकला जात होता.

विहाराच्या पायरीवर आपल्या वस्तीतील एक वृद्ध आजी बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला जवळ बोलावले. त्या म्हणाल्या, "बाबांनो, पाटलाच्या दारात आमच्या टोपल्यात असंच वरून टाकायचे. त्यांचा हात आम्हाला लागू नये म्हणून. तुमचा हात आज कशापायी उंच राहिला?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही कोणाचा विटाळ मानला नव्हता, कोणाचा अपमान करावा असे मनातही नव्हते. आम्ही फक्त यादी केली, आग्रह केला आणि घाई केली. एवढ्यानेच आमचा हात उंच गेला.

बंधू-भगिनींनो, आजींच्या त्या वाक्यामागे आपला सगळा इतिहास आहे. गावगाड्यात आपल्या पूर्वजांनी पडेल ते काम करायचे. निरोप पोचवायचा, सरकारी कामगारापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. त्याच्या मोबदल्यात बलुते, आणि रोजची पोटाची सोय म्हणून घरोघर जाऊन शिळ्या-उष्ट्या भाकरीचे तुकडे गोळा करायचे. सणाच्या दिवशी तर ती टोपली अधिक भरत असे. कारण सण त्यांचा असे आणि उष्टे आपले असे. त्या भाकरीला "हक्क" असे नाव होते आणि ते नाव आपल्या माणसांनाही खरे वाटू लागले होते.

१९२७ साली मार्च महिन्याच्या १९ आणि २० तारखांना महाड येथे परिषद भरली. तेथे परमपूज्य बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याच्या पाण्याची आठवण आपण दरवर्षी काढतो, पण पाण्याइतकीच ती परिषद अन्नाचीही होती, हे आपल्या ध्यानातून निसटते. तळ्यावरून परतलेले प्रतिनिधी मंडपात जेवत होते, कोणी घरी निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि जमाव मंडपात घुसला. माणसांना मारहाण झाली आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळले गेले. उष्टे सोडून स्वतःच्या चुलीवर शिजवलेले आणि एकत्र बसून खाल्लेले ते अन्न होते. ते मातीत घालणाऱ्यांना त्याचा अर्थ चांगला कळला होता.

ज्या समाजाने उष्टे सोडण्यासाठी एवढी किंमत दिली, त्या समाजाच्या सणाला कोणाच्याही वाट्याला उष्टे येता कामा नये. उष्टे म्हणजे केवळ दुसऱ्याच्या ताटातले नव्हे. आमच्या पातेल्यात भात होता तो कोणी तोंड लावलेला नव्हता. तरीही सगळ्यांचे झाल्यावर, आपल्याला नको झालेले, जागा नसताना, उभ्याने दिलेले अन्न हे घेणाऱ्याच्या दृष्टीने उष्टेच असते.

आता भगवंताच्या धम्मात याविषयी काय सांगितले आहे ते पाहू. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात असत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत. तो आदर न ठेवता देतो. घेणाऱ्याचा विचार न करता देतो. स्वतःच्या हाताने देत नाही. टाकाऊ झालेले देतो. आणि या देण्याचा काही परिणाम आहे यावर विश्वास न ठेवता देतो. या पाचांमध्ये "कमी देतो" असे एकही लक्षण नाही, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. दान किती आहे यावर तेथे बोट ठेवलेले नाही. ते कसे दिले यावर ठेवले आहे. आमच्या तिसऱ्या पंगतीला ही लक्षणे लावून पाहा. आदर नव्हता, विचार नव्हता आणि जे दिले ते आम्हाला नको झालेले होते. हात मात्र आमचाच होता, एवढेच काय ते आमच्या बाजूने सांगता येईल.

दुसरी एक कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. सर्वांत मोठा रोग भूक आहे, असे सांगणाऱ्या गाथेची ती कथा. आळवी नगरात तथागत भिक्खु संघासह आले. नगरवासीयांनी त्यांना भोजनदान दिले. त्याच नगरात एक दरिद्री शेतकरी होता. त्याला धम्म ऐकायचा होता, पण त्या सकाळी त्याचा बैल हरवला. आधी बैल शोधावा की आधी धम्म ऐकावा, या विचारात तो पडला. शेवटी बैलाच्या मागे गेला, कारण बैल गेला तर शेत गेले. बैल सापडेपर्यंत दुपार झाली. घरी जाऊन जेवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून तो उपाशीच धावत आला.

इकडे भोजन आटोपले होते. अनुमोदनाचे प्रवचन ऐकण्यासाठी सगळे नगर बसले होते. परंतु तथागत काही बोलेनात. ते त्या माणसाची वाट पाहत होते. तो आला, एका बाजूला उभा राहिला. तथागतांनी व्यवस्था पाहणाऱ्याला विचारले, संघाला वाढून झाल्यावर काही अन्न शिल्लक आहे काय? आहे, असे उत्तर आले. मग त्यांनी त्या माणसाला बसवून जेवू घालायला सांगितले. त्याचे जेवण झाले, त्याचा जीव शांत झाला, त्यानंतर प्रवचन सुरू झाले. पुढे भिक्खूंमध्ये कुजबुज झाली की, एका माणसासाठी भगवंतांनी असे कसे केले? त्यावर भगवंतांनी भुकेविषयीचे ते वचन सांगितले.

येथे कोणी आम्हाला विचारील की, त्या शेतकऱ्यालाही उरलेलेच अन्न दिले गेले ना? होय. पण फरक पाहा. त्याच्यासाठी सभा थांबली होती. त्याला बसवले गेले. तो जेवत असताना नगरातील प्रतिष्ठित लोक वाट पाहत बसले होते. आमच्याकडे उलट झाले. प्रतिष्ठित जेवले आणि भुकेला वाट पाहत उन्हात उभा राहिला.

तिसरी कथा यादीची आहे आणि ती आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी विशेष ऐकावी. तीही धम्मपदाच्या अट्ठकथेतच येते. काश्यप बुद्धाच्या काळी वाराणसीत एका गृहस्थाने भोजनदानाचे काम अंगावर घेतले. कोणी किती भिक्खूंना जेवू घालणार, हे तो घरोघर जाऊन लिहून घेत होता. कोणी शंभर सांगितले, कोणी पाचशे. त्याला वाटेत महादुग्गत नावाचा माणूस भेटला. दुग्गत म्हणजे दरिद्री, महादुग्गत म्हणजे दरिद्र्यांतला दरिद्री. त्यालाही त्याने विचारले आणि त्याने एका भिक्खूचे भोजन कबूल केले. नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी कामाला गेली. त्याने लाकडे फोडली, तिने साळी कांडल्या आणि मजुरीत मिळालेल्या धान्यावर त्यांनी स्वयंपाकाची तयारी केली. मग महादुग्गत आपला भिक्खु मागायला गेला, तेव्हा कळले की यादी करणाऱ्याने त्याचे नाव लिहिलेच नव्हते. एकच तर भिक्खु, म्हणून त्याने ते मनावर घेतले नव्हते. सगळे भिक्खु वाटून झाले होते. तो माणूस रडू लागला. शेवटी त्याला विहारात जाण्यास सांगितले गेले, आणि दाराशी राजे व श्रीमंत वाट पाहत असताना भगवंतांनी आपले भिक्षापात्र त्या महादुग्गताच्या हाती दिले.

या कथेत गरीब माणूस घेणारा नाही, देणारा आहे. यादी करणाऱ्याने त्याचे देणे लिहिले नाही. आमच्या यादीतही तेच झाले होते. वर्गणी न देणाऱ्यांची नावे नव्हती. पण चुलीजवळ बसलेल्या भगिनींचीही नव्हती, कारण त्यांनी पैसा दिला नव्हता, श्रम दिले होते. त्या शेवटच्या पंगतीला बसल्या आणि खिरीवाचून उठल्या.

तेव्हा त्या पौर्णिमेनंतर आम्ही दहा-बाराजण बसलो आणि पुढच्या वर्षीचे भोजन कसे करायचे ते ठरवले. पुढे ज्या रीतीने ते झाले, ती रीत आता आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम यादी. आम्ही पावतीपुस्तक बाजूला ठेवले आणि पौर्णिमेच्या आठ दिवस आधी दोन-दोन जणांनी घरोघर फिरायचे ठरवले. आपल्या वस्तीत गेलो, नाल्यापलीकडे गेलो, मजुरांच्या खोल्यांवर गेलो. मंडपावर "सर्वांना निमंत्रण" असा फलक लावला की सर्वांना बोलावले असे आपल्याला वाटते. परक्याला तसे वाटत नाही. त्याला वाटते, हा फलक आपल्यासाठी नाही. उंबऱ्यापाशी जाऊन, माणसाला नावाने हाक मारून बोलावले, तरच ते निमंत्रण होते. प्रत्येक दारात आम्ही तीनच गोष्टी विचारल्या. किती माणसे येतील, किती वाजता येणे जमेल, आणि घरात कोणी आजारी किंवा कामावर अडकलेले आहे काय. जात विचारली नाही आणि वर्गणीचा विषय काढला नाही. त्या फेरीत माणसे तीनशे भरली.

दुसरी गोष्ट वेळेची. भिक्खु संघाचे भोजन मध्यान्हापूर्वी झाले पाहिजे, हा विनयाचा नियम आहे. त्यात बदल होऊ शकत नाही. म्हणून संघाचे भोजन अकराला ठेवले. त्यानंतरची मोठी पंगत नेमकी एकला बसवली, कारण मजुरांची सुटी एक ते दोन असते. पौर्णिमेची सरकारी सुटी आपल्याला असते, रोजंदारीवरच्या माणसाला नसते. त्याच्या सोयीची वेळ ही पहिल्या पंगतीची वेळ, असे ठरले. आणि त्या पंगतीत एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आपण, असे न करता आपल्या घरच्या माणसांनी त्यांच्या मध्ये-मध्ये बसायचे ठरवले. अध्यक्ष त्या दिवशी गवंडीकाम करणाऱ्या एका तरुणाच्या शेजारी बसले. वाढपी मंडळींना एकच सूचना होती. वाकून वाढायचे आणि वाढताना माणसाच्या तोंडाकडे पाहायचे.

तिसरी गोष्ट पातेल्याची. तीनशे माणसांसाठी ४० लिटर दूध, ३ किलो तांदूळ आणि ५ किलो साखर घेतली. माणशी नव्वद ग्रॅम धरून भाताला २७ किलो तांदूळ, आणि तीस ग्रॅम धरून वरणाला ९ किलो तूरडाळ. त्याबरोबर बटाटा-वांग्याची एक भाजी. पक्वान्न खिरीखेरीज दुसरे नाही. भात एकदम न शिजवता नऊ-नऊ किलोचे तीन घाण केले. एक पंगत बसली की पुढचा घाणा चुलीवर चढायचा. त्यामुळे शेवटच्या माणसालाही वाफेचा भात मिळाला, आणि माणसे कमी आली असती तर तिसऱ्या घाण्याचे तांदूळ कोरडेच शिल्लक राहिले असते.

खीर दोन पातेल्यांत केली. पहिले पातेले सकाळी, दुसरे अकराच्या सुमारास. वैशाखातले ऊन आपण जाणता. दुधाची खीर अशा उकाड्यात चुलीवरून उतरून फार वेळ राहिली की धोका सुरू होतो. कडेला पाणी सुटू लागले, चिकट तार धरू लागली किंवा किंचित आंबूस वास आला, तर ती खीर कोणालाही देऊ नये. तेव्हा "फेकण्यापेक्षा मागच्या खोल्यांवर देऊन टाकू" असा विचार मनात आला, तर तेथेच थांबावे. जे अन्न आपल्या मुलाला देण्याचे धाडस होत नाही, ते मजुराच्या मुलाला देणे हे दान नाही. शिवाय वास आला नाही म्हणून अन्न चांगलेच आहे असेही नसते, म्हणून घड्याळ पाहावे. दुसऱ्या पातेल्यावर झाकण ठेवून एका वयस्कर बाईंना त्याजवळ बसवले. ते पातेले शेवटच्या पंगतीचे. कोणीही मोठा माणूस आला तरी ते आधी उघडायचे नाही.

आणि आग्रह? आग्रह बंद केला नाही, पुढे ढकलला. शेवटची पंगत बसून प्रत्येकाला एक वाटी मिळाल्यावरच दुसरी वाटी. मागच्या वर्षी एवढे एकच पथ्य पाळले असते, तर त्या २८ लिटर खिरीत दोनशे ऐंशी माणसांना प्रत्येकी शंभर मिलिलिटर खीर मिळाली असती. वाटी पूर्ण भरली नसती, पण एकही वाटी रिकामी राहिली नसती. आमच्याकडे अन्न कमी पडले नव्हते, ही गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली. आपल्या माणसांवरच्या प्रेमानेच परक्याच्या वाट्याचे संपवले होते.

चौथी गोष्ट, जे येऊ शकत नाहीत त्यांची. कालदान सुत्तात योग्य वेळी देण्याची पाच दाने सांगितली आहेत. बाहेरून आलेल्याला, प्रवासाला निघालेल्याला, आजाऱ्याला, दुष्काळात, आणि नव्या पिकाचे व फळाचे पहिले दान शीलवंतांना. आपण आपल्या वस्तीला हे लावून पाहिले. आजारी म्हणजे खाटेवरची म्हातारी. आलेला म्हणजे गावाकडे पाऊस नाही म्हणून शहरात आलेला कुटुंबकबिला. निघालेला म्हणजे संध्याकाळच्या गाडीने परतणारा पाहुणा. पहारेकरी, इस्पितळातल्या रात्रपाळीच्या आया यांनाही पंगतीला येता येत नाही. त्यांचे डबे आम्ही पहिली पंगत बसण्याच्या आधी भरून काढले आणि दोनच्या आत पोचवले. डबा आधी भरला तर तो वाटा असतो, नंतर भरला तर ते उरलेले असते. अन्न तेच, तरी घेणाऱ्याला फरक कळतो.

आपल्यापैकी कोण आगंतुक झालेला नाही? अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आपण गेलो आहोत. रात्रभर गाडीत उभे राहून पोचल्यावर कोणा अनोळखी मंडळाच्या मंडपात आपण जेवलो आहोत. तेथे आपले नाव-गाव कोणी विचारले नाही. ज्याने ते जेवण घेतले आहे, त्याला परक्याचे आतिथ्य काय असते ते शिकवावे लागत नाही.

आता दोन अडचणी सांगतो, कारण सर्व काही सुरळीत झाले असे म्हणणे खोटे होईल. नाल्यापलीकडच्या एका घरी आम्ही बोलावायला गेलो, तेव्हा घरधनी म्हणाले, "शिधा पाठवा, आम्ही घरी करून खाऊ." आमच्यातले काही तरुण संतापले. हाताचे शिजवलेले नको पण कोरडा शिधा चालतो, या वाक्यामागचा अर्थ आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आम्ही शिधा पाठवला नाही. भांडणही केले नाही. "जेवण पंगतीतच आहे, आपली जागा ठेवतो," एवढेच सांगून परतलो. त्यांची जागा त्या वर्षी रिकामी राहिली, पुढच्या वर्षीही रिकामी राहिली. तिसऱ्या वर्षी त्यांचा शाळकरी मुलगा मित्राबरोबर येऊन जेवून गेला. वडील अजून आलेले नाहीत. आम्ही दरवर्षी बोलावतो. मात्र एखाद्याचा उपवास असेल किंवा पथ्य असेल, तर ती गोष्ट निराळी. पथ्य हे अन्नाविषयी असते, विटाळ हा माणसाविषयी असतो. हा भेद करून वागावे.

दुसरी अडचण आपल्याकडची आहे. मुस्लिम शेजारी आपल्या पंगतीला आले आणि पुढे त्यांनी ईदला आपल्याला बोलावले, तेव्हा आपल्यातले बरेच जण गेले नाहीत. कोणाला वेळ नव्हता, कोणाला संकोच होता. सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात तथागतांनी नीच कोण हे सांगताना, दुसऱ्याकडे जाऊन चांगले जेवतो पण तो घरी आला की त्याचा सत्कार करीत नाही, अशा माणसाचाही उल्लेख केला आहे. आम्ही त्याची दुसरी बाजूही मानतो. जो बोलावतो पण बोलावल्यावर जात नाही, तो शेजाऱ्याला कायम घेणाऱ्याच्याच जागी बसवतो. आपण काय खात नाही ते मोकळेपणाने आधी सांगावे आणि जावे. महादुग्गतालाही देण्याचा अधिकार होता, तसा तो शेजाऱ्यालाही आहे.

खर्चाविषयी एकच. सत्पुरुषाच्या दानाचे एक लक्षण असे सांगितले आहे की, त्यात स्वतःचे किंवा दुसऱ्याचे नुकसान होत नाही. भोजनदानासाठी मंडळाने उसनवारी करू नये आणि कोणाही गरिबाकडून वर्गणी वसूल करून गरिबाला जेवू घालू नये. पैसे कमी असतील तर खीर कमी करावी, पंगत कमी करू नये. मजुरांच्या बायकांनी दुसऱ्या वर्षी विचारले, "आम्ही काय आणू?" आम्ही त्यांना तांदूळ निवडायला बोलावले. त्या दहाजणी आल्या. ते श्रम आम्ही वहीत लिहिले, देणगीदारांच्या नावांच्या खाली नव्हे, त्याच पानावर. आणि जेवणाऱ्यांची छायाचित्रे काढायची नाहीत, असेही ठरले. पोटासाठी हात पुढे केलेला असताना आपला चेहरा कोणी स्मरणिकेत छापावा, असे आपल्याला आवडेल काय?

उपासक-उपासिकांनो, परंपरा अशी सांगते की, वैशाख पौर्णिमेच्या सकाळी उरुवेलेजवळ सुजातेने खीर शिजवली ती वृक्षदेवतेला वाहण्यासाठी. झाडाखाली बसलेला तो श्रमण कोण आहे हे तिला माहीत नव्हते. त्याची कीर्ती झालेली नव्हती, त्याच्यामागे संघ नव्हता. कठोर तपश्चर्येने शरीर झिजवून नंतर तो मार्ग सोडून दिलेला असा तो एक अनोळखी माणूस होता. तिने उरलेली खीर दिली नाही. जी सर्वांत उत्तम म्हणून शिजवली होती तीच, पात्रासकट, त्याच्या हाती दिली. आपण दरवर्षी त्या खिरीची आठवण म्हणून खीर करतो. तेव्हा ती अनोळखी माणसापर्यंत पोचली नाही, तर ती सुजातेची खीर नव्हे.

येत्या पौर्णिमेसाठी आमच्या चार सूचना आहेत, त्या सभेने मंजूर कराव्यात. आजपासून आठ दिवसांच्या आत दोन-दोन जणांनी घरोघर जावे. मोठी पंगत एक वाजता बसवावी. शेवटच्या पंगतीचे पातेले आधीच बाजूला काढावे आणि त्याजवळ बसणाऱ्या व्यक्तीचे नाव आजच ठरवावे. आणि चुलीजवळच्या भगिनींनी शेवटी जेवायचे ही रीत मोडून, दुसऱ्या पंगतीला वाढपाचे काम पुरुषांनी घ्यावे आणि भगिनींना बसवावे.

ज्या आजींनी आम्हाला तो प्रश्न विचारला होता, त्या आता नाहीत. रीत बदलल्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला त्या एकच्या पंगतीत मजुरांच्या मुलांबरोबर बसल्या होत्या. आम्ही वाकून त्यांच्या वाटीत खीर वाढली. त्यांनी आमच्या हाताकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि शेजारच्या मुलाची वाटी भरली आहे ना, ते पाहून मग पहिला घास घेतला.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. भवतु सब्ब मंगलं.

नमो बुद्धाय. जयभीम.